आगळाच्या कंपनीला पाठवायचा मेसेज: जरा वाचून सांगाल का?

वाळपईची चूल

मंडळी, इन्स्टाग्रामवर माझं स्वयंपाकाचं छोटं पान आहे, सत्तरीकडच्या घरगुती जेवणाचं. फॉलोअर ६,४००. आजवर कुठल्या कंपनीसाठी व्हिडिओ केलेला नाही. गोव्यातच कोकमाची उत्पादनं करणारी एक कंपनी आहे, तिचं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आमच्या घरात नेहमी असतं. नाव इथे लिहीत नाही. उन्हाळा तोंडावर आलाय, तर त्यांना सोलकढीच्या ४० सेकंदांच्या रीलबद्दल विचारावं असं मनात आहे. मसुदा असा केलाय:

«नमस्कार, मी गोव्यातील एक फूड कंटेंट क्रिएटर आहे. पारंपरिक गोमंतकीय पदार्थ लोकांपर्यंत पोहोचवणे ही माझी आवड आहे. माझे ६,४०० फॉलोअर्स असून ते अतिशय सक्रिय आहेत. मला तुमचा ब्रँड खूप आवडतो. आपण एकत्र काम केल्यास दोघांनाही फायदा होईल. कोलॅबसाठी इच्छुक असल्यास कृपया कळवावे. रेट नंतर पाठवेन.»

काय काढू, काय घालू?

रीलमास्टर म्हापसा

ताई, मेसेज छोटा ठेवलात ते चांगलं. पण खरं सांगू का, १० हजार फॉलोअर झाल्याशिवाय कंपन्या बघत नाहीत. तोवर पैशांचं नाव काढू नका. चार बाटल्या पाठवा म्हणावं, बदल्यात रील. आणि नुसत्या वस्तू घेतल्या तर व्हिडिओवर 'जाहिरात' असं लिहायची कटकटही नाही, ते फक्त पैसे घेतले तर लागतं.

मोरजीचा शेजार

आमचं मोरजीला चार खोल्यांचं होमस्टे आहे. डिसेंबरात असे मेसेज रोज येतात, «दोन रात्री राहू द्या, स्टोरी टाकतो». एकानेही आमच्या खोल्यांचे फोटो नीट बघितलेले नसतात. एकीने तर स्विमिंग पूलजवळ शूट करू म्हणून लिहिलं, आमच्याकडे पूल नाहीच. राग येतो हो. सीझनमधली खोली फुकट देणं म्हणजे नगद पैसे सोडणं. तुम्ही कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

कुंडईचा माणूस

बाय, मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात विक्री बघतो. असे मेसेज माझ्याच टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मसुद्यात कंपनीचं नाव बदलून तोच मेसेज काजूवाल्याला, पापडवाल्याला, साबणवाल्याला पाठवता येईल. वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळतं. 'ब्रँड खूप आवडतो' हे सगळेच लिहितात. तुम्ही खरंच आगळ वापरता, मग ते वापरणाऱ्याला जे दिसतं तेवढंच लिहा. त्यांच्या ऑनलाइन दुकानात आगळाखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलंत का? आधी ते वाचा.

दुसरं, ६,४०० हा आकडा मला काहीच सांगत नाही. माझा माल जिथे मिळतो तिथली माणसं तुमचे व्हिडिओ बघतात का, हे मला हवं असतं. प्रोफेशनल डॅशबोर्डमध्ये तुमच्या प्रेक्षकांची शहरं दिसतात. ती इथे लिहा, मग पुढचं बोलू.

रीलमास्टर, १० हजारांची अट कुठल्या तरी एजन्सीची असेल. लहान कंपनीत असं काही नसतं. आमच्याकडे ३ हजारवाल्या एका मुलीचा व्हिडिओ चालला, कारण तिचे बघणारे सगळे मडगाव-केपेकडचे होते आणि आमचं दुकान तिथेच आहे.

मात्र फुकट वस्तू घेतली तर सांगायला नको, हे चूक आहे. ग्राहक व्यवहार खात्याची जानेवारी २०२३ ची मार्गदर्शक सूचना आहे, त्यात फुकट वस्तू, सवलत, हॉटेलातला मुक्काम सगळं 'संबंध' म्हणून धरलंय. जाहिरात मानक परिषदेचे नियम तर २०२१ पासून आहेत. बाटल्या घेतल्या तरी लिहायचं.

वाळपईची चूल

दादा, बघितलं आणि थोडी गडबडले. शहरांत पहिलं मुंबई, दुसरं पुणे, मग ठाणे. पणजी चौथी आणि मडगाव त्याखाली. मला वाटत होतं माझे बघणारे सगळे आपलेच लोक. मागच्या उन्हाळ्यातलं सोलकढीचं रील २२,००० वेळा बघितलं गेलं आणि ते सेव्ह करणारे ६४० आहेत. ३८ सेकंदांचं होतं, माणूस सरासरी १९ सेकंद थांबलाय.

कंपनीच्या पानावरचे अभिप्रायही वाचले. आगळाच्या बाटलीखाली बऱ्याच जणांनी लिहिलंय, «सरबत खारट झालं», «साखर घालून पण मीठ लागतं», एकाने तर बाटली परत घ्या म्हटलंय.

डिचोलीचे काका

पोरी, तू आगळ विकणार आहेस हे वाचून बरं वाटलं. पण एवढ्यात कशाला घाई? भिरंडं एप्रिल-मेमध्ये पिकतात. सालं वेगळी करून मीठ लावायचं, सुटलेला रस हा आगळ. सोलं करायची तर तीच सालं रसात बुडवून उन्हात घालायची, परत बुडवायची, परत उन्हात. आगोटच्या आधी सगळं उरकलं पाहिजे, एक पाऊस लागला की बुरशी. बाटल्या उकळून घे. बचत गटात नाव घाल, पंचायतीत स्टॉल मिळतो.

वाळपईची चूल

काका, मी विकत नाही हो, विकणाऱ्या कंपनीसाठी व्हिडिओ करायचा आहे. पण तुम्ही लिहिलंत त्यात माझ्या कामाचं सापडलं. आगळात मीठ असतंच, त्याचं सरबत करायला गेलं तर खारटच होणार. सरबताचं साखरेतलं कोकम वेगळं. आम्हाला हे जन्मापासून ठाऊक, पुण्यातल्या माणसाला कुठून असणार?

कुंडईचा माणूस

झालं तुमचं काम. तुम्ही आता कंपनीकडे काही मागायला जात नाही आहात, तिची एक अडचण घेऊन जाताय. आगळाची बाटली परत आली की त्यांना जायचा-यायचा कुरियर, फुटलेली बाटली आणि खालचा वाईट अभिप्राय, तिन्ही सोसावं लागतं. आणि तक्रार करणारे बहुधा मुंबई-पुण्याकडचे, म्हणजे तुमचे बघणारे आहेत तिथलेच. गोव्यातली माणसं जास्त असती तर तुमचा प्रस्ताव उलट कमजोर झाला असता, वाळपईच्या माणसाला आगळ कशासाठी असतं ते शिकवायचं नसतं.

आता हे लिहिताना जपून. «तुमच्या मालाबद्दल तक्रारी आहेत» असं सुरू केलंत तर समोरचा दुखावतो. माल चांगला आहे, लोकांना वापरायचा कसा ते माहीत नाही, असा सूर ठेवा. तसं खरंही आहे.

कुठे पाठवायचं तेही सांगतो. इन्स्टाच्या मेसेजमध्ये पाठवलंत तर अनोळखी म्हणून 'रिक्वेस्ट'च्या खणात पडतो, महिनाभर कोणी उघडत नाही. बाटलीच्या लेबलवर ग्राहक सेवेचा फोन आणि ईमेल छापलेला असतो, वेष्टनातल्या मालावर तो असावाच लागतो. पण त्या ईमेलवर तक्रारी येतात, तिथे पाठवू नका. त्या फोनवर दुपारी तीननंतर फोन करून एवढंच विचारा, जाहिरातीचं कोण बघतं आणि त्यांचा ईमेल कुठला. लहान कंपनी असेल तर फोन मालकाची सूनच उचलते आणि जाहिरातही तीच बघते.

फोंडा कॅमेरा

मी लग्नं आणि रील दोन्ही शूट करतो. ताई, व्हिडिओची कल्पना मेसेजमध्ये दोन ओळींत मांडा, पण दिसेल अशी. 'सोलकढी बनवून दाखवेन' म्हटलं तर डोळ्यासमोर काही येत नाही. दोन काचेचे ग्लास शेजारी ठेवा. दोन्हीत तेच आगळ, दोन दोन चमचे. एकात पाणी-साखर, तो ग्लास घरातल्या कोणी तरी प्यायचा आणि तोंड वाकडं करायचं. दुसऱ्यात नारळाचं दाट दूध वरून सोडायचं. दूध पडताना तळातून गुलाबी रंग वर येतो, तो जवळून घ्या, ग्लासच्या उंचीवर कॅमेरा, मागून खिडकीचा उजेड. पहिल्या तीन सेकंदांत ते वाकडं तोंड ठेवा. लोक थांबतात ते तिथेच.

गाणं लावू नका. इन्स्टावरची सिनेमाची गाणी घरगुती व्हिडिओला चालतात, कंपनीच्या कामाच्या व्हिडिओला त्यांचा परवाना नसतो. आवाज घालवला जातो किंवा नोटीस येते. माझ्या एका गिऱ्हाइकाचं रील दोन दिवस चाललं आणि मग मुकं झालं. खोबरं खवणीवर किसतानाचा आवाज, लसूण-मिरची ठेचण्याचा आवाज आणि तुमचं बोलणं, बस्स.

रीलमास्टर म्हापसा

गाण्याचं बरोबर आहे, मलाही असा अनुभव आलाय. पण मग ट्रेंडिंग आवाज नसेल तर पोहोच कमी होते, हेही खरं.

फोंडा कॅमेरा

होते थोडी. पण मुकं रील त्याहून वाईट.

वाळपईची चूल

माझ्याकडे गेल्या मेमधला भिरंडं कापतानाचा व्हिडिओ आहे, परसातल्या झाडाचा. तो तीन-चार सेकंद घातला तर? आता मार्चात फळ कुठेच मिळणार नाही. आणि कोकम पित्ताला चांगलं, पोटाला थंड, हेही बोलावं म्हणते.

कुंडईचा माणूस

परसातलं झाड दाखवलंत आणि पुढच्या क्षणी कंपनीची बाटली, तर बघणाऱ्याला वाटेल हे आगळ त्याच फळांचं. ते खोटं ठरतं, मग तुमच्या मनात काहीही असो. फळ दाखवायचं तर «हे आमच्या परसातलं भिरंड» असं बोलून दाखवा, नाहीतर सोडा.

पित्ताचं मेसेजमध्येही नको, व्हिडिओत तर नकोच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असं सुचवता येत नाही. आजी सांगायची ते घरात ठीक. कंपनीच्या बाटलीसोबत बोललं की तो कंपनीचा दावा होतो, आणि व्हिडिओ काढून टाकायची पाळी येते. कंपनीत जाणता माणूस असेल तर हे वाचूनच तो तुम्हाला नाही म्हणेल.

डिचोलीचे काका

आता समजलं मला. मग फुटी कढी पण दाखव. नारळ नसला तरी होते, आगळ, पाणी, ठेचलेली लसूण-मिरची, कोथिंबीर, हिंगाची फोडणी. पुण्यातली पोरं नारळ कुठे फोडत बसणार?

वाळपईची चूल

काका, हे फार चांगलं सुचवलंत. ४० सेकंदांत दोन्ही नाही बसणार, पण दुसरं रील म्हणून ठेवते. पहिलं चाललं तर.

पैशांचं मात्र अजून कळत नाही. लिहू की नको?

रीलमास्टर म्हापसा

पहिल्या मेसेजमध्ये कधीच नाही. आकडा दिला की अडकलात. त्यांचं बजेट १५ हजार असेल आणि तुम्ही ५ लिहून बसाल.

मोरजीचा शेजार

मी उलट सांगेन. ज्याने काय हवं ते लिहिलेलं नाही त्याला उत्तर द्यायला मला वेळ नसतो. 'रेट नंतर पाठवेन' म्हणजे तीन मेसेज वाढले. दोन ओळींत सगळं कळलं तर मी हो किंवा नाही लगेच लिहितो.

कुंडईचा माणूस

मीही आकडा लिहिणाऱ्याला आधी उत्तर देतो. पण रीलमास्टर म्हणतात ते मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत खरं असू शकतं, तिथे मला अनुभव नाही.

आकडा कसाही ठरवा, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तुमच्या पानावर व्हिडिओ टाकणं ही एक, आणि तोच व्हिडिओ कंपनीने पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणं ही दुसरी. दुसऱ्यात तुमचा चेहरा आणि तुमचं पान वापरून ते महिनोन् महिने माल विकतात. त्याला मुदत आणि वेगळी रक्कम. हे न लिहिता व्हिडिओची फाइल दिलीत तर दोन वर्षांनी दिवाळीला तुमचाच चेहरा तुम्हाला जाहिरातीत दिसेल आणि बोलायला तोंड नसेल. आमच्या कारखान्यातही पूर्वी असं झालेलं मी बघितलंय, ती मुलगी हक्काने भांडायला आली आणि कागदावर काहीच नव्हतं.

वाळपईची चूल

सगळं वाचून परत लिहिला. शूटला अर्धा दिवस, एडिटिंगला एक दिवस, नारळ-बिरळ धरून ६,००० ठरवलेत. लेबलचा नियमही शोधला. १५ सेकंदांपेक्षा मोठ्या आणि २ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत 'जाहिरात' हा शब्द एक तृतीयांश वेळ दिसायला हवा, म्हणजे ४० सेकंदांत साधारण १४ सेकंद. व्हिडिओ मराठीत असल्याने शब्दही मराठीतच ठेवते.

विषय: तुमचं आगळ आणि 'सरबत खारट झालं' म्हणणारे ग्राहक

«नमस्कार,

तुमच्या ऑनलाइन दुकानात आगळाखाली काही जणांनी सरबत खारट झाल्याचं लिहिलंय. आगळ सोलकढीचं आणि सरबताची बाटली वेगळी, हे गोव्याबाहेरच्या घरांत बहुधा माहीत नसतं. ते ४० सेकंदांत दाखवणारं मराठी रील तुमच्यासाठी करावं असा विचार आहे.

कल्पना अशी: शेजारी दोन ग्लास, दोन्हीत तुमचं आगळ. एकात साखर-पाणी घालून घरातलं कोणी तरी पितं आणि तोंड वाकडं करतं. दुसऱ्यात नारळाचं दूध पडतं, गुलाबी रंग चढतो आणि तोच माणूस ग्लास रिकामा करतो. शेवटी तुमच्या दोन्ही बाटल्या शेजारी, कुठली कशासाठी ते सांगून. गाणं नाही, औषधी गुणांचा उल्लेख नाही.

मी वाळपईची. माझं पान सत्तरीकडच्या स्वयंपाकाचं आहे. बघणाऱ्यांत पहिली तीन शहरं मुंबई, पुणे आणि ठाणे, जिथे तुम्ही कुरियरने माल पाठवता. गेल्या उन्हाळ्यातलं माझं सोलकढीचं रील २२,००० वेळा बघितलं गेलं, ६४० जणांनी सेव्ह केलं. लिंक खाली आहे.

माझ्या पानावर एक रील, 'जाहिरात' असं स्पष्ट लिहून आणि पेड पार्टनरशिपचं लेबल लावून: ६,००० रुपये. टाकण्याआधी तुम्हाला दाखवीन, एकदा बदल करून देईन. तुम्हाला तो पैसे लावून जाहिरात म्हणून चालवायचा असेल तर ३ महिन्यांसाठी आणखी ३,०००.

मार्चअखेर टाकता यावा म्हणून येत्या शुक्रवारपर्यंत कळवाल का? आगळ माझ्याकडे आहे, बाटली पाठवायची गरज नाही.»

फोंडा कॅमेरा

हा वाचून मी स्वतःच बाटली मागवेन. 'नारळाचं दूध पडतं' तिथे तो जुना सोलकढीचा रंग बदलतानाचा एक फोटो जोडा. लिंक उघडायचा कंटाळा करणारे असतात.

कुंडईचा माणूस

शेवटची ओळ चांगली. फुकट माल मागायला आलेली नाही हे कळतं. पण थोडं लांब आहे. 'मी वाळपईची' पासूनचा परिच्छेद चाळला जाईल, म्हणून शहरांचं वाक्य त्यात पहिलं घ्या.

रीलमास्टर म्हापसा

मी अजूनही ६,००० काढायला सांगेन. पण सुरुवात जबरदस्त आहे, मी माझ्या एका मेसेजला अशीच करून बघतो.

वाळपईची चूल

परवा पाठवला. फोन केला तेव्हा खरंच मालकांच्या घरच्याच ताई बोलल्या, ईमेल त्यांनी लगेच दिला. आज उत्तर आलं: कल्पना आवडली, ६,००० चालतील, जाहिरातीचे ३,००० सध्या नको. पण शूटच्या सगळ्या मूळ फाइली पाठवा, 'आमच्या रेकॉर्डसाठी' म्हणे. देऊ का?

रीलमास्टर म्हापसा

द्या की. पहिलंच काम आहे, नाही म्हणून हातचं घालवू नका. मूळ फाइलींचं तुम्ही तरी काय करणार?

फोंडा कॅमेरा

मी तर कधीच देत नाही. मूळ फाइली गेल्या की ते स्वतः वेगळा व्हिडिओ कापू शकतात, तुमच्या तोंडून तुम्ही न म्हटलेल्या क्रमाने वाक्यं जोडून.

कुंडईचा माणूस

खरं सांगायचं तर 'रेकॉर्डसाठी' मागतात तेव्हा बहुतेक वेळा पुढे वापरायच्याच असतात. पण त्या ताईंना कदाचित नुसता तयार व्हिडिओ चांगल्या दर्जात हवा असेल आणि शब्द चुकला असेल. आधी तेवढंच विचारा: तयार रीलची मोठी फाइल चालेल का? हो म्हटलं तर ती द्या आणि सोबत लिहा की जाहिरात म्हणून चालवायची झाल्यास आधी बोलू. तरीही मूळ फाइलीच हव्यात म्हणाल्या, तर त्या ३,००० चं बोलणं परत काढा. आणि काही झालं तरी हे सगळं ईमेलवर ठेवा, फोनवर हो म्हणू नका.